प्रबंधाचं प्रकरण लिहायला बसलं की कपाट आवरायला का सुचतं, आणि त्यावर काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. शनिवारची सुट्टी, प्रबंधाचं चौथं प्रकरण महिनाअखेर गाइडकडे द्यायचं आहे, आणि सकाळी नऊला टेबलाशी बसायचं हे कालपासून ठरलेलं. पावणेनऊला टॉवेल काढायला कपाट उघडलं जातं, खालच्या कप्प्यात कोंबलेले स्वेटर दिसतात. दुपारी दीड वाजता कपाट लख्ख असतं, डांबराच्या गोळ्यासुद्धा नव्या टाकलेल्या असतात आणि लॅपटॉप मात्र उघडलेला नसतो. पुढच्या शनिवारी माळा, त्याच्या पुढच्या शनिवारी मसाल्याचे डबे. एरवी या माणसाला आवराआवरीची फारशी हौस नसते, हे यातलं ध्यानात ठेवण्यासारखं लक्षण.

हे आळसाचं काम नव्हे. आळशी माणूस चार तास कपाट आवरत नाही. तेव्हा 'शिस्त लावून घ्या' या सल्ल्याने इथे काही होत नाही, कारण मेहनत कमी पडलेली नसते, ती दुसरीकडे वळलेली असते. ती तिकडेच का वळते, हे आधी बघू.

कपाटात असं काय असतं, जे प्रकरणात नसतं

कपाट उघडल्यावर पहिली कृती काय करायची, हे हाताला आपोआप कळतं. वरचा स्वेटर उचलायचा, झटकायचा, घडी करायची. 'चौथं प्रकरण लिहिणे' या शब्दांत अशी एकही कृती नाही. त्यात निदान वीस-पंचवीस वेगवेगळी कामं दडलेली असतात आणि त्यांतलं पहिलं कुठलं, हे ठरवणं हेच एक अवघड काम असतं. म्हणजे बसल्याबसल्या समोर आधी कोडं येतं, काम नंतर.

कपाटाचा एक कप्पा झाला की तो झालेला दिसतो. लिखाणाचा तासभर गेला आणि दोन परिच्छेद खोडून एक उरला, तर काम पुढे गेलं की मागे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कपाटाला कोणी गुण देत नाही. साड्या रंगानुसार लावल्या की प्रकारानुसार, यावर कोणी लाल शेरा मारणार नाही. प्रकरण गाइड वाचणार, पुढे बाहेरचे परीक्षक वाचणार, आणि शेवटी तोंडी परीक्षेत त्यातल्या एखाद्या तक्त्यावर बोट ठेवून 'हे कशावरून?' असं विचारलं जाणार. लिहायला घेण्याआधीच तो प्रश्न कानात वाजत असतो.

आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कपाटाला स्वतःची मुदत असते. एकदा सगळे कपडे काढून पलंगावर टाकले की माघार घेता येत नाही. रात्री त्याच पलंगावर झोपायचं असतं, त्यामुळे ढीग संध्याकाळपर्यंत उचलावाच लागतो. ढीग बाहेर काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तो परत आत लावायला तीन तास. म्हणजे 'नुसतं वरवर बघू' म्हणून केलेली पंधरा मिनिटांची सुरुवात अख्खी सकाळ बांधून घेते. भांडी घासायला उठलेला माणूस वीस मिनिटांत परत येऊ शकतो, कपाटाकडे गेलेला येत नाही. माळ्याचं आणि पुस्तकांच्या मांडणीचं हेच.

प्रबंधाची मुदत याच्या अगदी उलटी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, फेरनोंदणी करून आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मुदत इतकी लांब की आजचा शनिवार गेल्याने आज काहीच बिघडत नाही. याचा पुरावा त्याच माणसाच्या वागण्यात सापडतो. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला जो प्रगती अहवाल ठेवायचा असतो, तो बरोबर आदल्या रात्री का होईना पण लिहून होतो. लिहिता येत नाही, असं नसतंच.

शेवटची गोष्ट घराची आहे, आणि आपल्याकडे ती विशेष लागू पडते. कपाट आवरणाऱ्या बाईला घरात कोणी हाक मारत नाही. ती कामात आहे हे सगळ्यांना दिसतं, वर 'बरं झालं हातासरशी आवरलंस' असं कौतुकही होतं. तीच बाई कागदापुढे विचार करत बसली, तर ती नुसती बसलेली दिसते. मग 'बसलीच आहेस तर जरा दूध बघ' सुरू होतं. पुरुषांना हे कमी प्रमाणात सोसावं लागतं, पण त्यांच्याही बाबतीत गॅलरीतल्या कुंड्या किंवा गाडी धुणं हे 'दिसणारं' काम असतं आणि विचार करणं हे न दिसणारं. घराची संमती ज्या कामाला आहे, तिकडे पाय वळतात.

एकदा झालं तर ठीक, पण दर शनिवारी का?

टेबलाशी बसायची वेळ जवळ आली की पोटात किंचित गोळा येतो. कपाटाकडे वळलं की तो त्याच क्षणी विरतो. हे सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस, आणि ते लगेच मिळतं. शिक्षा मात्र संध्याकाळी मिळते, तीही अपराधीपणाच्या रूपात. मेंदू लगेचच्या बक्षिसावरून शिकतो, आठ तासांनी येणाऱ्या रुखरुखीवरून नाही. पुढच्या शनिवारी गोळा आला की हात आपोआप कपाटाच्या कडीकडे जातो. त्यात मागच्या वेळच्या रुखरुखीची भर पडलेली असते, म्हणून गोळा आधीपेक्षा मोठा असतो.

फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली चालढकलीची मांडणी अशीच केली होती. हा वेळेच्या नियोजनातला दोष कमी आणि तेवढ्यापुरतं बरं वाटून घेण्याचा प्रयत्न जास्त. त्याआधी २००१ साली डायॅन टाइस आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग याला पुष्टी देतो. चाचणीची तयारी करायच्या विद्यार्थ्यांना आधी उदास केलं, की ती तयारी सोडून ते समोर ठेवलेल्या मनोरंजनाकडे जास्त वळत. पण ज्यांना सांगितलं होतं की आता काही वेळ तुमची मनःस्थिती बदलणारच नाही, त्यांच्यात ही ओढ दिसली नाही. वेळ वाया घालवून बरं वाटणार नसेल तर तो वाया घालवण्यात अर्थ उरत नाही.

यावरून दुरुस्तीची दिशा मिळते. गोळा येऊच नये यासाठी झटायचं नाही, तो येणारच. तो लहान राहील आणि कपाटाकडे न जाताही विरेल, अशी सोय करायची.

आधी तपासणी: नेमकं अडलंय कुठे

सगळ्यांचं एकाच ठिकाणी अडत नाही, त्यामुळे दुसऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असं नाही. कपाटाची आठवण येईल त्या क्षणी कागदावर एक वाक्य लिहून बघा: 'आत्ता टेबलाशी बसले तर पहिल्या दोन मिनिटांत माझे हात नेमकं काय करतील?'

वाक्य लिहिताच आलं नाही, किंवा 'विश्लेषण सुरू करेन' असलं काहीतरी आलं, तर अडचण कामाच्या आकाराची आहे. काम अजून हातात धरता येण्याजोगं झालेलं नाही. दहापैकी सहा-सात वेळा इथेच अडलेलं असतं, असा आमचा अंदाज आहे, आणि सुधारायला हेच सर्वांत सोपं.

वाक्य नीट लिहिता आलं ('तक्ता ४.३ची फाइल उघडेन आणि टक्केवारी तपासेन'), पण ते लिहिताना पोटातला गोळा वाढला, तर धास्ती निकालाची आहे. लिहिलेलं कोणीतरी वाचणार, ही.

वाक्यही आलं, भीतीही नाही, तरी उठायचा कंटाळा येतो, तर मग काम खरंच रटाळ आहे किंवा घर बसू देत नाही. अशा वेळी जागा आणि वेळ बदलून बघायची, मनाच्या तळाशी जायची गरज नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. 'मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून सुरुवात होत नाही' असं पुष्कळजण सांगतात. पिअर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात परफेक्शनिझमशी चालढकलीचा संबंध फारसा सापडला नाही. काम नकोसं वाटणं आणि ते आपल्याला जमेल असा भरवसा नसणं यांचा संबंध मात्र पक्का निघाला. पुढच्या अभ्यासांनी त्यात फरक केला आहे. उंच अपेक्षा ठेवणारे चालढकल कमीच करतात, पण आपण कमी पडू, लोक काय म्हणतील, ही काळजी ज्यांना खाते ते जास्त करतात. तेव्हा अपेक्षा खाली आणायची गरज नाही. कमी पडण्याची भीती पहिल्या मसुद्यापुरती दूर ठेवता आली की पुरे.

आणि कपाट खरंच आवरायला झालं असेल तर? तेही शक्य आहे. हे काम कालच्या यादीत होतं का आणि संध्याकाळी केलं तर काही नुकसान होणार आहे का, एवढं विचारा. गॅस संपलाय, दळण संपलंय, पोराचा गणवेश धुवायचाय, ही खरी कामं. स्वेटर नोव्हेंबरपर्यंत कोणी मागणार नाही.

दुरुस्ती, एका उदाहरणावरून

समजा, महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक बाई अर्थशास्त्रात पीएचडी करत आहेत. विषय: दूध सहकारी संस्थांच्या महिला सभासद. २४० प्रश्नावल्या भरून झाल्या, माहिती एक्सेलमध्ये आहे, चौथ्या प्रकरणात बारा तक्ते आहेत. दोन तक्त्यांवरचा मजकूर लिहून झालाय, दहा बाकी. महिनाअखेरीला चोवीस दिवस आहेत. यादीत दोन महिन्यांपासून एकच ओळ आहे, 'प्रकरण ४ लिहिणे', आणि घर दोन महिन्यांत कधी नव्हे इतकं नीटनेटकं झालंय.

पहिलं काम ती ओळ खोडणं. तिच्या जागी दहा ओळी: 'तक्ता ४.३ खाली चार वाक्यं', 'तक्ता ४.४ खाली चार वाक्यं', असं ४.१२ पर्यंत. चारच का? कारण तक्त्याखालच्या मजकुराला लागतं तेवढंच. पहिलं वाक्य तक्त्यात काय आहे ते सांगतं, दुसरं मुख्य आकडे, तिसरं त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट आणि चौथं या आकड्यांवरून काय सांगता येत नाही ते. ४.३ पुरतं ते असं होईल:

'तक्ता ४.३ मध्ये महिला सभासदांच्या दुधाचे पैसे कोणाच्या खात्यावर जमा होतात, हे दिले आहे. २४० पैकी ९६ महिलांचे (४० टक्के) पैसे त्यांच्या स्वतःच्या, ११८ महिलांचे (४९.२ टक्के) पतीच्या, तर २६ महिलांचे (१०.८ टक्के) कुटुंबातील इतर व्यक्तीच्या खात्यावर जमा होतात. सभासदत्व महिलेच्या नावावर असूनही जवळपास निम्म्या महिलांचे पैसे पतीच्या खात्यावर जातात, ही बाब लक्षणीय आहे. मात्र हे पैसे कशावर खर्च करायचे याचा निर्णय कोण घेते, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी तक्ता ४.७ पाहावा.'

हे लिहायला पंचवीस मिनिटं पुरतात, अडखळत लिहिलं तरी चाळीस. यात कपाटाचे दोन गुण आले: पहिली कृती ठरलेली आहे आणि संपल्यावर संपलेलं दिसतं. भीतीची सोय चौथ्या वाक्यात आहे. तोंडी परीक्षेत जो प्रश्न यायची धास्ती असते, त्याचं उत्तर आपणच आधी लिहून ठेवतो. 'हे कशावरून?' याला 'एवढंच सांगता येतं, यापुढचं नाही' हे उत्तर कुठल्याही परीक्षकाला चालतं.

दुसरं काम आदल्या रात्री करायचं, आणि ते सकाळी करून चालत नाही. फाइल उघडून तक्ता पडद्यावर ठेवायचा आणि त्याखाली पहिल्या वाक्याचे तीन-चार शब्द टाइप करून वाक्य अर्धवट सोडायचं: 'तक्ता ४.३ मध्ये महिला सभासदांच्या'. मग लॅपटॉप बंद न करता नुसता मिटायचा. सकाळी उघडल्यावर समोर कोरं पान नसतं, अर्धं वाक्य असतं, आणि अर्धं वाक्य पुरं करायला हात आपसूक जातो. रात्री या कामाची धास्ती वाटत नाही, कारण रात्री लिहायचं नसतंच, फक्त मांडून ठेवायचं असतं.

तिसरं, बसण्याची वेळ घड्याळाऐवजी रोजच्या एखाद्या कृतीला बांधायची. 'नऊला बसेन' हे मोडतं, कारण नऊ वाजलेले कळतच नाहीत. 'चहाचा कप ओट्यावर ठेवला की स्वयंपाकघरातून सरळ टेबलाशी जाईन आणि लॅपटॉप उघडेन' हे टिकतं. पीटर गोलविट्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करेन' ठरावांवर बरंच काम केलंय. त्यांच्या आणि ब्रँडस्टेटर यांच्या १९९७ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी गेली, यावर दोन दिवसांत अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहू हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला, बाकीच्यांतल्या एक तृतीयांशांनीच. सणाची सुट्टी आणि लिखाणाचं काम, म्हणजे परिस्थिती आपल्यासारखीच.

असाच दुसरा ठराव कपाटासाठी करायचा: 'बसल्यावर आवराआवरीचं काही आठवलं, की उठायच्या आधी ते टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहीन आणि पुढची एक ओळ टाइप करेन.' चिठ्ठी खरोखर कागदाची हवी. मोबाइलमध्ये नोंदवायला गेलं की व्हॉट्सॲप उघडतं. चिठ्ठीवर 'स्वेटर', 'इस्त्रीवाला', 'फ्रिजमधली कोथिंबीर' असं काय काय जमा होईल. दुपारी ती वाचली की निम्मी कामं कोणत्या मिनिटाला का सुचली, हे कळतं. बहुधा दुसऱ्या वाक्यावरून तिसऱ्यावर जाताना सुचतात, कारण तिथे पहिल्यांदा स्वतःचं मत मांडायचं असतं.

चौथं, घर. 'मला त्रास देऊ नका' हे कोणाला पटत नाही आणि पाळलंही जात नाही, कारण त्याला शेवट नसतो. शेवट सांगितला की पाळलं जातं. 'आई, दहा वाजेपर्यंत मी आतल्या खोलीत लिहितेय. दहाला बाहेर आले की भाजी मी निवडते, तुम्ही नका बसू.' आणि दहाला खरंच उठायचं, वाक्य रंगात आलं असलं तरी. एकदा शब्द मोडला की दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दार वाजतं. डायनिंग टेबलावर बसू नये, तिथे बसलेला माणूस सगळ्यांच्या वाटेत असतो. कपाट असलेल्या खोलीत बसावंच लागत असेल तर पाठ कपाटाकडे करून बसा. गावातल्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घेता आली तर उत्तम, कारण तिथे आवरायला काहीच नसतं. पण जायला-यायला पाऊण तास लागत असेल तर ते फार दिवस चालत नाही.

दिवसाला एक तक्ता या हिशोबाने दहा दिवसांत दहा तक्ते होतात. चोवीसपैकी चौदा दिवस उरतात. त्यांतले चार तक्ते एकमेकांना जोडायला, दोन प्रस्तावना आणि समारोपाला, आणि बाकीचे लग्न, आजारपण, परीक्षेचं सुपरव्हिजन यांना. हिशोबात ही जागा ठेवली नाही तर पाचव्या दिवशी वेळापत्रक कोसळतं आणि माणूस पुन्हा माळ्यावर चढतो.

तरीही बिघडलं तर

सर्वांत जास्त वेळा होणारा बिघाड म्हणजे कपाट लॅपटॉपमध्ये शिरणं. माणूस वेळेवर बसतो, दहापर्यंत उठत नाही, आणि तासभर तक्त्यांच्या चौकटी सारख्या करतो. किंवा संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासतो, फॉन्ट बदलतो, 'आणखी दोन पेपर वाचून घेऊ' म्हणून चौदा पीडीएफ उतरवतो. ही सगळी स्वेटरचीच घडी आहे, फक्त प्रबंधाचं नाव लावलेली. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून मोजमाप लागतं: बसण्याच्या वेळेत चौथ्या प्रकरणात नवी वाक्यं किती आली? शून्य आली तर तो तास आवराआवरीचा धरायचा. चौकटी आणि संदर्भसूची यांना दुपारी चारनंतरची वेळ द्यावी, ती कामं थकलेल्या डोक्यानेही होतात.

दुसरा बिघाड, पहिल्या दिवशी जोर येऊन चार तास बसणं. तीन तक्ते होतात, छान वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी चार तासांच्या कल्पनेनेच पाय मागे येतो. रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा बराच अभ्यास केला. एका बैठकीत भरमसाट लिहिणाऱ्यांपेक्षा रोज थोडं लिहिणारे पुढे राहतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. पहिला आठवडा तरी तासाच्या वर बसू नका, बसावंसं वाटलं तरी.

तिसरा म्हणजे मध्येच एक शनिवार पुन्हा कपाटात जाणं. तसं होईल. त्या संध्याकाळी स्वतःला झोडपण्याचा उपयोग नाही, उलट तोटा आहे. माइकल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात हे दिसलं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. कारण वर आलंच आहे: रुखरुख पुढच्या वेळच्या गोळ्यात जमा होते. त्या रात्री अर्धं वाक्य टाइप करून ठेवायचं, दुसरं काही नको.

घरकाम पूर्ण बंद करायचाही प्रयत्न करू नका, ते टिकत नाही. दोन बैठकांच्या मध्ये जे काम आपोआप संपतं ते घ्या: सिंकमधली भांडी, वाळत घातलेले कपडे काढणं, कुकर लावणं. हात चालतात, डोकं मोकळं राहतं, आणि पुष्कळदा तिसरं वाक्य तिथेच सुचतं. जे काम पसरतं ते मात्र घ्यायचं नाही. कपाटाला रविवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ लावून द्या, आणि एका वेळी एकच कप्पा, पलंगावर ढीग न घालता.

हे उपाय कुठे लागू पडत नाहीत

कपाटसुद्धा आवरवत नाही, अंथरुणातून उठणंच जिवावर येतं आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो चालढकलीचा प्रश्न नाही. तीच वस्तू पुन्हापुन्हा पुसल्याशिवाय चैन पडत नाही, तोही वेगळा प्रश्न. लहानपणापासून प्रत्येकच काम, अगदी आवडीचंही, अर्धवट सुटत आलं असेल, तर एकाग्रतेच्या विकाराची तपासणी एकदा करून घ्यावी. या तिन्हींसाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा. जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

आणि कधीकधी दोष प्रकरणातच असतो. उदाहरणातल्या बाई ४.३ ते ४.६ पटापट लिहितात आणि ४.७ आला की तीन दिवस ओळीने घर आवरतात. तक्ता उघडून पाहिला तर असं निघतं की 'खर्चाचा निर्णय कोण घेते' या प्रश्नाला २४० पैकी ७१ जणींनी उत्तरच दिलेलं नाही. उरलेल्या १६९ उत्तरांवर निष्कर्ष काढायचा की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही, आणि ते न ठरवता लिहिताही येत नाही. इथे कितीही अर्धी वाक्यं टाइप करून ठेवली तरी पुढे सरकणार नाही. गाइडला विचारावं लागतं, आणि तेही 'सर, चौथ्या प्रकरणात अडचण आहे, कधी भेटू?' असं विचारून भागत नाही. त्याचं उत्तर 'बघू पुढच्या आठवड्यात' असंच येतं. असं लिहा: 'सर, तक्ता ४.७ मध्ये २४० पैकी ७१ उत्तरं कोरी आहेत. १६९ वर टक्केवारी काढून कोऱ्या उत्तरांचा वेगळा उल्लेख करू, की हा प्रश्न विश्लेषणातून वगळू? माझा कल पहिल्याकडे आहे. गुरुवारपर्यंत आपण सांगितलंत तर त्याप्रमाणे करते.' गुरुवारपर्यंत उत्तर नाही आलं तर ४.७ ची जागा मोकळी सोडून ४.८ खाली पहिलं अर्धं वाक्य टाइप करून ठेवायचं.